कंदील हलके, बिल जड

दिवाळीआधी मुंबईच्या सहार कार्गो टर्मिनलवर समजा आकाशकंदिलांची बारा कार्टन आली आहेत. आतले कंदील उघडलेले, म्हणजे मुख्यतः कागद, काड्या आणि त्यांच्या पोटातली हवा. प्रत्येक कार्टन ९ किलोचं, काट्यावर एकूण भरतं १०८ किलो. एअर वेबिलवर मात्र भाड्याचं वजन लिहिलं जातं ३०० किलो.

हा फरक येतो मोजपट्टीतून. विमानाच्या पोटातली जागा ठरलेली असते. हलका, फुगीर माल ती अडवून बसला, तर विमान अजून बराच भार उचलू शकत असतानाही आत ठेवायला जागा उरत नाही. म्हणून विमान वाहतुकीत जागेचंही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ६००० ने भागायचं. म्हणजे ६ लिटर जागा म्हणजे १ किलो. येणारं आकारमानी वजन आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, ते चार्जेबल वेट. आपलं कार्टन ६० × ५० × ५० सेंमी, म्हणजे २५ किलो, बारांचे ३००. एक्स्प्रेस कुरिअरवाले बहुतेक वेळा ५००० ने भागतात, तिथे हाच माल ३६० किलोंचा होतो.

माप खोक्यावर छापलेलं धरत नाहीत. फुगवट्यासकट, जिथे सर्वांत जास्त भरेल तिथे घेतात. ठासून भरल्यामुळे प्रत्येक बाजू २ सेंटीमीटरने फुगली, तर ६२ × ५२ × ५२ होतं आणि बारा कार्टनचे ३३५.५ किलो लागतात. काटा मात्र १०८ वरच असतो. अपेक्षेपेक्षा बिल वाढून आलं, तर आधी टर्मिनलवर नोंदलेली मापं पाहावीत.

अनुभवी फॉरवर्डर इथे जोडीदार शोधतो. पितळी समयांची पाच कार्टन, प्रत्येकी ३० किलो, माप ४० × ३० × ३०. काट्यावर १५०, आकारमानाने जेमतेम ३०. वेगवेगळ्या वेबिलांवर पाठवलं तर ३०० अधिक १५०, म्हणजे ४५० किलोंचं भाडं. एकाच वेबिलवर एकत्र घेतलं तर काट्यावर २५८ आणि आकारमानाने ३३०. भाडं ३३० चं. समयांचं वजन कंदिलांतल्या हवेच्या कामी आलं! अट एवढीच, की दोन्ही माल एकाच मार्गाचे हवेत.

जोडीदार मिळाला नाही तर कंदील घडीचे करावेत. तेच कंदील पाच कार्टनमध्ये बसले तर आकारमानी वजन १२५ वर येतं. चारमध्ये बसले तर १००. आता काट्यावरचे १०८ वरचढ ठरतात. यापुढे आणखी दाबून बसवलं तरी भाडं कमी होत नाही, कंदिलांच्या काड्या तेवढ्या मोडतात.