डॉक रिकामा, गाडी रांगेत

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली मागे पडलं की दोन्ही बाजूंना पत्र्याची लांबच लांब गोदामं दिसू लागतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण शहराच्या अगदी उंबऱ्यावर, म्हणून ती भिवंडीत वाढली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली आणि कर वाचवण्यासाठी प्रत्येक राज्यात एक छोटं गोदाम ठेवण्याचं कारणही संपलं. कंपन्यांनी लहान गोदामं मोडून मोजकी मोठी केली. आधी दहा ठिकाणी विखुरलेल्या गाड्या आता एकाच फाटकावर येऊ लागल्या.

अशा गोदामाच्या भिंतीला ओळीनं दारं असतात. प्रत्येक दारापुढे साधारण चार फूट उंचीचा ओटा, म्हणजे डॉक. गाडी उलटी येऊन पाठ टेकवते आणि माल सरळ आत जातो. फाटकापासून डॉकपर्यंतची मोकळी जागा म्हणजे यार्ड. यार्ड तुंबलं, ट्रान्सपोर्टरनं हॉल्टिंगचं बिल लावलं, की गोदामवाल्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: डॉक कमी पडतात. बहुतेक वेळा ते खरं नसतं, आणि हे कागदावर मांडून पाहता येतं.

नमुन्यादाखल एक गोदाम घेऊ. माल उतरवण्याचे बारा डॉक, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा काम, दिवसाला साठ गाड्या. एक गाडी सरासरी शंभर मिनिटं डॉक अडवते: पंच्याऐंशी मिनिटं माल उतरवायला आणि पंधरा मिनिटं जुनी गाडी निघून नवी लागायला. दहा तासांत एका डॉकवर सहा गाड्या होतात, बारा डॉकवर बहात्तर. साठ गाड्यांसाठी हे पुरेसं आहे.

पण त्यातल्या चाळीस गाड्या सकाळी सातलाच फाटकाबाहेर उभ्या असतात, उरलेल्या वीस दिवसभरात तासाला दोन अशा येतात. आठ वाजता बारा गाड्या लागतात, नऊ चाळीसला पुढच्या बारा, अकरा वीसला आणखी बारा. चाळीसातल्या शेवटच्या चार गाड्यांचा नंबर लागतो दुपारी एक वाजता, म्हणजे सहा तास थांबल्यावर. आणि दोन चाळीसला काय दिसतं? लावायला पाचच गाड्या उरलेल्या असतात आणि सात डॉक रिकामे. सकाळी ज्या गोदामात जागेवरून भांडणं झाली, त्याच गोदामात दुपारी हमाल बसून राहतात. चार डॉक वाढवले तर सकाळची रांग अकरा वीसला संपेल, पण दुपारी सातऐवजी बारा-तेरा डॉक रिकामे राहतील.

गाड्यांचे थवे येतात याला कारणं आहेत. ड्रायव्हर रात्री गाडी चालवून पहाटे पोचतो. ठाणे-मुंबई परिसरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, ती उठली की अडकलेल्या गाड्या एकदमच सुटतात. महिनाअखेरीला विक्रीचं लक्ष्य गाठायचं म्हणून कंपन्या माल ढकलतात. रस्त्यावरची कारणं गोदामाच्या हातात नाहीत. पण माल कधी यावा हे पुरवठादाराला आधी सांगणं हातात आहे. त्यालाच स्लॉट देणं म्हणतात.

तासाला सहा गाड्यांना वेळ दिली, तर दर तासाला दहा डॉक भरलेले राहतात आणि दोन मोकळे. हे दोन मोकळे डॉक साहेबांच्या डोळ्यांत खुपतात आणि तेही स्लॉटला जोडले जातात. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. घाटात अडकून दोन तास उशिरा आलेली गाडी लावायला मग जागाच नसते. ती दुसऱ्याची वेळ खाते, तो तिसऱ्याची, आणि दुपारपर्यंत वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरइतकंच उपयोगी उरतं.

गाडी वेळेवर आली, तरी ती कोणत्या डॉकला लावायची? जो आधी मोकळा झाला त्याला, हे सोपं उत्तर महाग पडतं. समजा, एका गाडीचा माल अठरा पॅलेटवर बसतो आणि ज्या रॅकमध्ये तो जायचा आहे, ती योग्य डॉकपेक्षा ऐंशी मीटर लांबच्या डॉकवर लागली. जाऊन-येऊन एका पॅलेटमागे एकशे साठ मीटर, अठरा पॅलेटना जवळजवळ तीन किलोमीटर. हातगाडीनं चालत ओढणाऱ्या माणसाची त्यात पाऊण तास जादा चाल होते, तीही एका गाडीपायी. म्हणून जवळचा डॉक दहा मिनिटांत सुटणार असेल, तर गाडी थांबवणं परवडतं. शिवाय छोटा टेम्पो ओट्यापेक्षा फार खाली बसतो. डॉकची हलती पाटी थोडाफार फरक भरून काढते, एवढा नाही. त्याला जमिनीवरचीच जागा लागते.

क्रमाचंही तसंच. ज्या मालाचा रॅक रिकामा पडलाय, किंवा जो आजच संध्याकाळी दुकानांकडे निघायचा आहे, तो आधी आत घ्यावा लागतो. पहाटेपासून थांबलेल्या ड्रायव्हरला मात्र मागून आलेली गाडी पुढे गेलेली दिसते, आणि तो चिडतो. हा नियम फाटकावर लिहून लावलेला असेल तर निदान वशिल्याचा संशय तरी राहत नाही.

यार्डात गाड्या फिरवण्याची दिशाही महत्त्वाची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून फेरा घड्याळाच्या काट्याप्रमाणे ठेवतात. मग गाडी मागे घेताना डॉक ड्रायव्हरच्या बाजूला येतो आणि त्याला खिडकीतून दिसतो. दिशा उलटी असली की क्लीनरच्या ओरडण्यावर गाडी लावावी लागते. डॉकसमोर वळायच्या जागेत थांबलेल्या गाड्या उभ्या केल्या तर आतली गाडी बाहेर निघत नाही, आणि डॉक माल उतरूनही अडकलेला राहतो.

माल उतरवतात माणसं. महाराष्ट्रात या कामाला १९६९ च्या माथाडी कायद्याची चौकट आहे. सुटी खोकी हातानं काढायची असतात, तेव्हा खरी मोजणी टोळ्यांची. टोळी एकाच डॉकला बांधली, तर ती प्रत्येक गाडीमागे पंधरा मिनिटं पुढच्या गाडीची वाट बघते आणि दिवसात सहाच गाड्या उतरवते. साठ गाड्यांना दहा टोळ्या लागतात. टोळ्या नऊ ठेवून बारा डॉकवर गाड्या आधीच लावून ठेवल्या, तर टोळी एक संपवून लगेच शेजारच्या डॉकवर जाते. दिवसात सात गाड्या होतात, नऊ टोळ्यांच्या त्रेसष्ट. जादा डॉकचा खरा फायदा हा आहे.

घोळ नेमका कुठे आहे हे शोधायला प्रत्येक गाडीच्या पाच वेळा टिपाव्या लागतात: फाटकात आली, डॉकला लागली, उतरवणं सुरू झालं, संपलं, डॉक सोडला. शेवटच्या दोन वेळांतलं अंतर बघितलं की बऱ्याच जणांचे डोळे उघडतात. माल उतरून अर्धा-पाऊण तास झालेला असतो, पण मोजणी जुळत नाही म्हणून पोच पावतीवर सही नाही आणि रिकामी गाडी डॉकवरच उभी. कधी डॉकमागची जागाच मालानं भरलेली असते, कारण तो रॅकमध्ये चढवणारी माणसं मागे पडलेली असतात. अशा वेळी नवा डॉक बांधून काही होत नाही. मोजणी टेबलावर आणखी एक माणूस बसवला आणि सहीसाठी थांबणारी गाडी यार्डात हलवली, तरी पुष्कळ फरक पडतो.

स्लॉटच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एकाच गाडीत तीन पुरवठादारांचा माल असेल आणि आधी दोन ठिकाणी उतरवून ती इथे येणार असेल, तर ड्रायव्हर वेळ सांगणार तरी कशाच्या भरवशावर? अशा गाड्यांसाठी मोकळ्या दोन डॉकपैकी एक दुपारनंतर राखून ठेवतात, आणि तिथे जो आधी येईल त्याचा नंबर आधी.