सोळा घरं, पंधरा कळा

डॉसच्या काळात संगणक हाताळलेल्यांना तो आवाज आठवत असेल. यंत्र फ्लॉपी वाचण्यात गुंतलंय, पडदा ढिम्म हलत नाही आणि माणूस मात्र पुढची आज्ञा टाइप करत सुटलाय. पंधरा कळा निमूटपणे घेतल्या जायच्या. सोळावी दाबली की ‘टूं!’

1981 च्या आयबीएम पीसीमध्ये दाबलेल्या कळा रांगेत ठेवायला 32 बाइट जागा होती. एका कळेला 2 बाइट, म्हणजे घरं सोळा. मग एक घर गेलं कुठे?

ही रांग गोल असते. 0 ते 15 क्रमांकांची घरं, पंधरानंतर पुन्हा शून्य. पुढची कळ कुठून उचलायची ते ‘हेड’ सांगतं, नवी कुठे ठेवायची ते ‘टेल’. सुरुवातीला दोन्ही शून्यावर असतात. हेड आणि टेल सारखे, म्हणजे रांग रिकामी, हा झाला नियम.

आता मधे एकही कळ उचलली न जाता सोळा कळा आल्या असं धरू. टेल एकेक घर पुढे सरकत फेरी पुरी करतो आणि शून्यावर येतो. हेड तिथेच बसलेला. दोघे पुन्हा सारखे! प्रोग्राम बघतो आणि म्हणतो, काहीच आलेलं नाही. सोळाही कळा स्मृतीत जागच्या जागी आहेत, पण त्यांना कुणी विचारत नाही. सतरावी कळ आली की पहिलीच्या घरात बसते, टेल 1 होतो आणि प्रोग्रामच्या हाती तेवढी एकच कळ लागते. चूक शोधणाऱ्याला मात्र वाटतं, कीबोर्डच बिघडला!

आयबीएमने म्हणून एक घर कायम मोकळं सोडलं. कळ ठेवण्याआधी एवढंच तपासायचं:

```
if ((tail + 1) % 16 == head) beep();
```

आतल्या कळांची संख्या वेगळी मोजली असती तर? मोजणीलाही जागा लागतेच, पण खरी अडचण दुसरी आहे. कळ दाबली की चालू काम मधेच थांबतं आणि कळ रांगेत जाते. प्रोग्रामने मोजणीतला 5 वाचला, एक वजा करून 4 लिहिणार, तेवढ्यात नवी कळ आली आणि मोजणी 6 झाली. मग प्रोग्राम त्यावर 4 लिहितो. असायला हवेत 5. मोकळ्या घराच्या युक्तीत कळ आत घेणारा टेल हलवतो, उचलणारा हेड. एकमेकांच्या आकड्याला कुणी हात लावत नाही. आर्डुइनो उनोच्या सीरियल बफरमध्येही हीच युक्ती आहे. घरं 64, मावतात 63 बाइट.

लिनक्सच्या ‘केफिफो’ने मात्र सगळी घरं वापरली. तिथे दोन्ही आकडे शून्यावर न आणता वाढतच ठेवतात आणि घर शोधताना फक्त त्यांचा शेवटचा भाग बघतात. दोघांतला फरक 0 असेल तर रांग रिकामी, 16 असेल तर भरलेली. अट एकच: घरांची संख्या 2, 4, 8, 16 अशा दुपटीतली हवी. दहा घरं घेतली, तर 32 बिटांचा आकडा 4294967295 वरून शून्यावर येतो तेव्हा पाचव्या क्रमांकाच्या घरानंतर थेट शून्यावर उडी बसते, आणि मधली चार घरं राहून जातात.