मिलिग्रॅमच्या सातव्या भागाचा हिशेब

समजा, पुण्यातल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये १०० ग्रॅमचं एफ१ वर्गाचं स्टीलचं वजन तपासायला आलं आहे. या वर्गाच्या वजनाला अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंतची चूक माफ असते. पण ओआयएमएलच्या आर १११ नियमावलीची आणखी एक अट आहे: तपासणीची अनिश्चितता या मर्यादेच्या एक तृतीयांशात, म्हणजे सुमारे ०.१६७ मिलिग्रॅममध्ये बसली पाहिजे. ती बसते का, हे अनिश्चिततेचं बजेट सांगतं.

बॅलन्स ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा आहे. त्यावर आधी प्रमाण वजन, मग दोनदा आलेलं वजन आणि शेवटी पुन्हा प्रमाण वजन ठेवतात. दरम्यान बॅलन्स एकाच गतीने सरकत असेल, तर तो सरकणं या क्रमात आपोआप कटतं.

आता शंका कुठे उरते? प्रमाण वजनाच्या सर्टिफिकेटवर ०.०५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण तो आकडा दुप्पट करून दिलेला असतो. बजेटमध्ये त्याचा निम्मा, ०.०२५, घ्यायचा. नवखे लोक हमखास इथेच घसरतात. मागच्या तपासणीनंतर ते वजन थोडं झिजलं किंवा मळलं असेल, त्यासाठी ०.०२९ धरू. बॅलन्सच्या शेवटच्या अंकामुळे ०.०४१ येतात. एका फेरीतला फरक ०.०८ इतका इकडेतिकडे होतो. चार फेऱ्यांची सरासरी घेतली की ०.०४ उरतो.

हवेचंही थोडं देणं असतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे घनमीटरला १.२ किलो या ठरलेल्या घनतेपेक्षा इथली हवा विरळ, साधारण १.१ किलो भरते. दोन्ही वजनं स्टीलची असल्याने इथे ०.०१ धरलं की पुरतं. पितळी वजन असतं, तर ०.०६ मिलिग्रॅमची दुरुस्तीच करावी लागली असती.

हे आकडे सरळ बेरजेत घेत नाहीत, कारण सगळ्या चुका एकाच दिशेने एकाच वेळी क्वचितच होतात. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर ०.०७ येतं, दुप्पट केलं की ०.१४. वजन तपासता येईल, जेमतेम.

एकाच फेरीवर भागवलं असतं, तर हाच आकडा ०.२० झाला असता आणि अट मोडली असती. उलट, चाराच्या दहा फेऱ्या केल्या तरी तो ०.१२-०.१३च्या खाली जात नाही, कारण आता शेवटच्या अंकाची शंका मोठी ठरते. तेव्हा दुपार फेऱ्यांत घालवण्यापेक्षा ०.०१ मिलिग्रॅम दाखवणारा बॅलन्स मिळवावा.

एक गोष्ट मात्र या गणितात येत नाही. वजन बॅलन्सच्या खोलीत पुरेसा वेळ ठेवलं नसेल, तर त्याच्या उबेने हवा वर चढते आणि ते हलकं दिसतं. फेरीगणिक फरक एकाच बाजूला सरकत गेला, तर मोजणी थांबवून वजन निवू द्यावं.