दोन टबांचे मशीन: टायमर, सोक आणि ड्रायर

दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमध्ये मोटारीही दोन असतात. एक मोटार पट्ट्याच्या साहाय्याने धुण्याच्या टबाच्या तळाशी बसवलेली चकती, म्हणजे पल्सेटर, फिरवते. दुसरी शेजारचा अरुंद, भोके असलेला ड्रायरचा टब फिरवते. धुताना टब जागेवरच असतो, फक्त चकती फिरते. ड्रायरमध्ये मात्र कपड्यांसकट अख्खा टब गरगरतो. मशीन जोरात चालू असताना त्यात हात घालायला कोणी जात नाही. हात जातो तो मशीन थांबल्यासारखे वाटते तेव्हा, आणि असे क्षण या मशीनमध्ये बरेच येतात.

धुण्याचा टायमर बहुतेक मशीनमध्ये चावीचा असतो. खटका उजवीकडे फिरवला की आतली स्प्रिंग ताणली जाते आणि ती उलगडत शून्यावर येईपर्यंत मोटारीला वीज मिळत राहते. साध्या टायमरवर साधारण 15 मिनिटांपर्यंतचे आकडे असतात. या वेळात चकती सलग फिरत नाही. काही सेकंद एका दिशेला, मग क्षणभर थांबून उलट दिशेला, असा तिचा क्रम असतो; त्यामुळे कपड्यांना पीळ बसत नाही. मधल्या थांब्यात पाणी शांत दिसते, पण स्प्रिंग उलगडतच असते. खाली अडकलेला मोजा काढायला याच वेळी हात घातला तर चकती पुन्हा फिरते आणि कपड्याबरोबर बोटेही ओढली जातात. खटका जबरदस्तीने उलटा फिरवून वेळ कमी करू नये, आतले दाते झिजतात. धुणे मध्येच थांबवायचे असेल तर भिंतीवरचे बटण बंद करावे. मात्र त्यानंतरही टायमर पुढे सरकत राहतो, कारण त्याला स्प्रिंगच चालवते. उरलेली मिनिटे नंतर परत लावावी लागतात.

सोक असलेल्या मशीनच्या टायमरवर आकडे 35 मिनिटांच्या आसपास जातात. सुरुवातीचा भाग भिजवण्याचा आणि शेवटची 15 मिनिटे नेहमीच्या धुण्याची. भिजवण्याच्या काळात चकती मधूनमधून थोडीशी हलते आणि मग बराच वेळ स्वस्थ बसते. साबणाचे पाणी कपड्यात मुरावे आणि मळ सैल व्हावा, एवढाच त्यामागचा हेतू. पण दोन-तीन मिनिटे काहीच हालचाल नसली की मशीन बंद पडले, असा घरातल्यांचा समज होतो. कोणी आणखी एक शर्ट खाली दाबून बसवतो, कोणी कॉलर घासायला कपडा बाहेर ओढतो. सोकमधला खरा धोका हाच आहे. कपडा घालायचा किंवा काढायचा असेल तर आधी बटण बंद, मग हात पाण्यात. या सवयीने विजेचा धोकाही कमी होतो, कारण भरलेल्या पाण्यात हात असताना वायरची झीज किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर महागात पडू शकते. तीन पिनांचा प्लग आणि चालू स्थितीतले अर्थिंग हवेच. मोरीच्या ओल्या फरशीवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवणे हा शुद्ध निष्काळजीपणा म्हणावा लागेल.

सोकची सोय नसलेल्या मशीनमध्येही भिजवता येते. पाण्यात पावडर टाकून मशीन मिनिटभर चालवावे म्हणजे ती विरघळते. मग कपडे घालावेत, बटण बंद करावे आणि अर्धा तास वाट पाहावी. रंग जाणारे कपडे यात घालू नयेत.

ड्रायरचा टब लहान दिसतो, पण सर्वात जपून वापरायचा भाग तोच. तो मिनिटाला साधारण 1,300 फेरे घेतो. टबाची त्रिज्या 12 सेंटिमीटर धरली तर त्याच्या कडेचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या जवळ जातो आणि कडेवरची प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे सव्वादोनशे पट जोराने बाहेर ढकलली जाते. ओल्या कपड्यांचा भार एका बाजूला फक्त 100 ग्रॅमने जास्त असला, तरी टबाला त्या बाजूला 22 किलोच्या आसपास ओढ बसते. मशीन धडधडत जागचे सरकते ते यामुळे.

एक नेहमीचे धुणे घेऊ: एक चादर, एक जीन्स आणि तीन शर्ट. धुण्याच्या टबात मावलेले सगळे ड्रायरमध्ये एकदम मावेल, असे नाही; त्याची क्षमता कमी असते. म्हणून हे दोन खेपांत पिळावे. पहिल्या खेपेत चादर एका गोळ्यात न कोंबता भिंतीच्या कडेने गोल फिरवत बसवावी. दुसऱ्या खेपेत जीन्स तळाशी गोल घालून शर्ट तिच्यावर चोहोबाजूंनी पसरावेत. कपडे हाताने नीट दाबून वर प्लास्टिकची गोल जाळी आडवी बसवावी. ही जाळी हरवली म्हणून तिच्याशिवाय ड्रायर चालवणारी घरे पुष्कळ आहेत. पण जाळी नसेल तर शर्टाची बाही वर उसळून टबाबाहेर जाते, टब आणि बाहेरचे कवच यांच्या फटीत अडकते आणि फाटते. सुती कपड्यांना तीन-चार मिनिटे पुरतात, पातळ सिंथेटिक कपड्यांना एक-दोन.

सुरुवातीच्या काही सेकंदांत थोडी थरथर साहजिक आहे. वेग वाढल्यावरही धडधड चालूच राहिली तर बटण बंद करावे, टब थांबू द्यावा आणि कपडे पुन्हा बसवावेत. रेनकोट, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ असे पाणी आरपार न सोडणारे कपडे ड्रायरमध्ये घालूच नयेत. त्यांच्या घडीत साठलेले पाणी बाहेर पडत नाही, एका बाजूला गोळा होते आणि पूर्ण वेगात असताना टबाचा तोल अचानक जातो. पावसाळ्यात मोह होतो, पण रेनकोट दोरीवरच निथळू द्यावा.

धडधड नसतानाही टब जडपणे फिरत असेल, मोटार गुणगुणत असेल, तर आधी पाण्याची नळी पाहावी. पाणी उताराने जाते. नळी उंबऱ्यावर चढलेली किंवा मुडपलेली असली की पाणी कवचात साठते आणि टब त्यात घासत फिरतो. दोन्ही टबांचे पाणी एकाच नळीतून जात असल्यामुळे ड्रायर चालू असताना धुण्याचा टब रिकामा करू नये.

ड्रायरच्या झाकणाला स्विच आणि ब्रेक जोडलेला असतो. झाकण उघडले की वीज तुटते आणि ब्रेक टबाला पकडतो. टायमर शून्यावर आल्यावर मोटार बंद होते, पण टब आपल्या वेगाने फिरतच राहतो. म्हणून झाकण उघडल्यावरही फेरे पूर्ण थांबेपर्यंत हात, ओढणी आणि पदर लांब ठेवावेत. ओल्या कपड्याचे टोक हाताला गुंडाळले गेले तर बोट मोडू शकते. रिकामा टब चालवून झाकण उघडावे आणि मनात मोजावे. 15 सेकंदांत टब थांबला नाही तर ब्रेकची तार ढिली झालेली असते किंवा ब्रेकचे अस्तर झिजलेले असते. दुरुस्ती होईपर्यंत ड्रायर वापरू नये. झाकणाचा स्विच बिघडला की काही मिस्त्री तो ‘डायरेक्ट’ करून देतात, म्हणजे झाकण उघडे असतानाही टब पूर्ण वेगाने फिरतो. लहान मुले असलेल्या घरात तर असे मशीन चालवूच नये, नवा स्विच बसवून घ्यावा.