टोकनातील हुद्दा आणि दफ्तरातील हुद्दा

संगणकप्रणालीत प्रवेश करणाऱ्यास जे स्वाक्षरीयुक्त टोकन मिळते, त्यात `sub` खाली त्याची ओळख, `exp` खाली मुदत आणि पुष्कळदा `role` खाली हुद्दाही नमूद असतो. स्वाक्षरी जुळली की सर्व्हर डेटाबेसला न विचारता तो हुद्दा ग्राह्य धरतो. परंतु एखाद्या लेखापालास ११ वाजता तासाभराच्या मुदतीचे टोकन मिळाले आणि ११ वाजून ५ मिनिटांनी देयके मंजूर करण्याचा त्याचा अखत्यार काढून घेतला गेला, तर दफ्तरी नोंद बदलूनही उरलेली ५५ मिनिटे तो देयके मंजूर करीत राहू शकतो, कारण दिलेल्या टोकनातील मजकूर मागाहून बदलता येत नाही. हा दोष पारखण्यासाठी हुद्दा बदलून जुन्याच टोकनाने विनंती पाठवावी. `403` ऐवजी `200` आले, तर हुकूम अद्याप अमलात आलेला नाही. म्हणून कोणता मेनू दाखवावा एवढ्यापुरताच टोकनातील हुद्दा मानावा. पैसा व अधिकारवाटप यांच्या प्रत्येक विनंतीस मात्र डेटाबेसच पाहावा, कारण अनुक्रमणिका असलेल्या तक्त्यातील असा शोध सामान्यतः काही मिलिसेकंदांचाच असतो. या शोधाचे उत्तर वेगासाठी स्मृतीत साठवले, तर जितका काळ साठवू तितकाच विलंब पुन्हा उद्भवतो.