एटीएममधून नोटा नाहीत, खात्यातून रक्कम वजा: अर्ज असा करावा

आमचे एक स्नेही भिवंडीत कापडाचा धंदा करतात. कारागिरांची मजुरी चुकवण्यासाठी महिन्याच्या ३ तारखेला संध्याकाळी ते एटीएमवर गेले. दहा हजारांची मागणी केली, यंत्र घरघरले, पण नोटा आल्या नाहीत. मोबाईलवर मात्र रक्कम वजा झाल्याचा निरोप आला. घाईत त्यांनी शेजारच्याच दुसऱ्या यंत्रातून पुन्हा दहा हजार काढले. ते मिळाले. खात्यातून गेले वीस हजार, हाती आले दहा.

दुसऱ्या दिवशी ते ज्या बँकेचे एटीएम होते तिच्या शाखेत गेले. तिथून त्यांना परत पाठवण्यात आले, आणि ते नियमाला धरूनच होते. यंत्र कोणाचेही असो, तक्रार आपले कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची असते. तिथे त्यांनी तोंडी सांगितले, तेव्हा उत्तर आले, "तुम्हाला पैसे मिळाल्याची नोंद आहे." ती नोंद दुसऱ्या यंत्राची होती!

मग आम्ही त्यांना लेखी अर्ज करून दिला. मजकूर साधा होता: "दिनांक ३ रोजी सायंकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी अमुक क्रमांकाच्या एटीएममधून रु. १०,००० मागितले. रोख मिळाली नाही, खात्यातून रक्कम वजा झाली. ७.४५ चा व्यवहार शेजारच्या यंत्रावरचा व वेगळा असून त्याबद्दल तक्रार नाही. यंत्राची नोंद व शिल्लक रोकड तपासून रक्कम परत जमा करावी." सोबत खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि व्यवहार क्रमांक दिला. पिन कोणालाही देऊ नये.

यंत्राचा क्रमांक पावतीवर असतो. पावती आली नाही तर बहुधा यंत्रावरच्या पट्टीवर सापडतो. यंत्र प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवते, आणि न निघालेल्या नोटा मोजणीत जादा भरतात. कोणत्या यंत्राची कोणती नोंद पाहायची, हे वेळ आणि क्रमांकावरूनच कळते.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता, द्यायची आहे. स्नेह्यांची मुदत ८ तारखेला संपली, पैसे १४ तारखेला आले. सहा दिवसांचे ६०० रुपये मात्र जमा झाले नव्हते. दुसरा अर्ज दिल्यावर तेही मिळाले.

अर्जाची पोच व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क दाद मागता येते. तिथे हीच पोच लागते.