टाकीतले बुडबुडे काय सांगतात?

मे महिन्यातली दुपार आहे, असे समजा. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने एक मोटार हिंगणघाटकडे येत आहे. वाटेत इंजिन तापल्याचा लाल दिवा लागतो. चालक मोटार थांबवतो, इंजिन निवल्यावर टाकीत पाणी घालतो आणि निघतो. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लागतो. ‘ऊनच कडक आहे’ असे तुम्ही म्हणाल. पण पंखा फिरतो आहे, नळी कुठे गळत नाही, तरी पाणी कमी होतेच. मग ते जाते कुठे?

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये एक पातळ थर दाबून बसवलेला असतो. त्याला हेड गॅस्केट म्हणतात. सिलिंडरातले जळते वायू, पाणी आणि तेल यांना तो एकमेकांत मिसळू देत नाही. हेड बहुधा अॅल्युमिनियमचे, तर ठोकळा पुष्कळदा बिडाचा असतो. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन एकदा फार तापले की हेड किंचित वाकते, गॅस्केटवरची पकड सैल होते आणि सिलिंडर व पाण्याची वाट यांच्यामध्ये बारीक फट पडते.

आता दाबाकडे पाहा. इंधन जळताना सिलिंडरातला दाब वातावरणाच्या दाबाच्या तीस-चाळीस पटींहूनही अधिक होऊ शकतो. पाण्यातला दाब मात्र बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एका वातावरणानेच जास्त असतो. म्हणून चालत्या इंजिनात वायू पाण्यात घुसतात आणि टाकीत बुडबुडे येतात. हा वायू पाण्याला हटवून बाहेर सांडवतो. वायू पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. म्हणून इंजिन पुन्हा तापते, आणि फट आणखी वाढते.

इंजिन बंद केले की खेळ उलटतो. सिलिंडरातला दाब ओसरतो, पण तापलेल्या पाण्यावरचा दाब टिकून राहतो. पाणी फटीतून सिलिंडरात झिरपते. पुढच्या वेळी इंजिन सुरू होताच त्याची वाफ होऊन धुराड्यातून पांढरा धूर निघतो. पाण्यात कूलंट मिसळलेले असेल, तर त्या धुराला गोडसर वास येतो.

मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. थंडीच्या सकाळी निरोगी इंजिनही पांढरी वाफ सोडते, कारण इंधन जळताना पाणी तयार होतेच. ती वाफ इंजिन गरम झाल्यावर नाहीशी होते. गॅस्केटची जात नाही. तसेच फार तापलेले पाणी उकळूनही बुडबुडे येतात. गार इंजिन सुरू करताच ते सतत येऊ लागले, तर संशय बळावतो.

पडताळा रसायनशास्त्र देते. टाकीवरची हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावणातून ओढतात. जळालेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावण पिवळे पडते. तुमच्या प्रयोगशाळेत श्वासाने चुन्याची निवळी दुधाळ होते, ती याच वायूने. पण हेडला चीर गेली असली तरीही द्रावण पिवळे होईल. म्हणून शेवटी हेड उतरवून पाहावेच लागते.

आणि एक लक्षात ठेवा: गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचे पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढताच ते उसळून अंगावर येते.